एका ताम्हनातील पाच देव

पुण्याच्या पर्वतीवर, नानासाहेब पेशव्यांनी 1749 साली उभारलेल्या देवदेवेश्वराच्या प्राकारात जो भाविक प्रथमच पाऊल ठेवतो, त्याच्या ध्यानात एक गोष्ट सहज येते की, मध्यभागी शंकराचे मुख्य देवालय असून त्याच्या चार कोपऱ्यांस गणपती, देवी, सूर्य आणि विष्णू यांची चार लहान देवळे बांधलेली आहेत. या रचनेस पंचायतन म्हणतात. स्मार्त संप्रदायातील गृहस्थाने पाचही देवता एकत्र पूजाव्यात आणि आपल्या इष्टदेवतेस मध्यस्थान द्यावे, असा हा परिपाठ असून त्याचे प्रवर्तन परंपरा आद्य शंकराचार्यांकडे देते. पर्वतीवर प्रत्येक देवतेस स्वतंत्र गाभारा असल्यामुळे तेथील पुजाऱ्यास शंकराचे बेलाचे पान सूर्यावर पडेल किंवा गणपतीच्या दूर्वा देवीच्या पायांशी जातील, अशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. परंतु हेच पंचायतन जेव्हा सदाशिव किंवा नारायण पेठेतील एखाद्या घराच्या देव्हाऱ्यात, वीतभर रुंदीच्या ताम्हनात येऊन बसते, तेव्हा कोणत्या देवास काय वाहावे आणि काय वाहू नये, हा प्रश्न रोज सकाळी नव्याने उभा राहतो. प्रस्तुत प्रकरणात त्याचाच विचार करावयाचा आहे.

घरगुती पंचायतनात मूर्तींऐवजी बहुधा पाच पाषाण असतात. शंकरासाठी नर्मदेतील बाण, विष्णूसाठी गंडकीतील शाळिग्राम, गणपतीसाठी शोण नदातील तांबूस खडा, देवीसाठी सुवर्णमुखी नदीतील धातूची चमक असलेला तुकडा आणि सूर्यासाठी स्फटिक, अशी ही योजना आहे. पुण्यात गणेशभक्तीचा प्रभाव मोठा असल्याने अनेक घरांतून गणपती पंचायतन आढळते. त्यात मध्यभागी गणपती, ईशान्येस विष्णू, आग्नेयेस शिव, नैर्ऋत्येस सूर्य आणि वायव्येस देवी असा क्रम असतो, तर शिव पंचायतनात शिव मध्यावर येऊन ईशान्येपासून अनुक्रमे विष्णू, सूर्य, गणपती आणि देवी बसतात. हा क्रम ठाऊक असणे केवळ शास्त्राच्या अभिमानासाठी आवश्यक नसून हाताच्या सवयीसाठीही आवश्यक आहे. कारण पाषाण आकाराने लहान, स्नानानंतर ओले आणि गंधाने माखलेले असता कोणता खडा कोणाचा हे जागेवरूनच चटकन ओळखता येते.

आता मुख्य विषयाकडे वळू. आचारग्रंथांतून फुलापानांच्या याद्या इतक्या लांबलचक आणि कित्येकदा परस्परविरोधी आढळतात की, त्या सर्व पाळू म्हणणारा गृहस्थ पूजेस बसण्यापूर्वीच थकून जावा. परंतु त्या याद्यांचा तपशील नीट पाहिला असता त्यांत दोन वेगळ्या जातींची विधाने एकत्र झालेली दिसतात. अमुक देवास अमुक वस्तू प्रिय आहे, हे एक विधान. आणि अमुक देवास अमुक वस्तू वाहू नये, हे दुसरे. पहिले प्रशस्ताचे आहे, दुसरे निषिद्धाचे. प्रशस्त वस्तू मिळाली नाही म्हणून पूजेस उणेपणा येत नाही, तिच्याऐवजी दुसरे सुगंधी फूल चालते; निषिद्ध वस्तू मात्र प्रयत्नपूर्वक टाळावयाची असते. या दोहोंचे तारतम्य एकदा मनात ठसले म्हणजे लक्षात येते की, पंचायतनातील प्रत्येक देवतेचा ठळक आणि सर्वपरिचित निषेध जवळजवळ एकेकच आहे : विष्णूस अक्षता नाहीत, गणपतीस तुळस नाही, देवीस दूर्वा नाहीत, सूर्यास बेल नाही आणि शंकरास केवडा नाही. नित्यपूजेचा बहुतेक बंदोबस्त या पाच वाक्यांत होतो.

या पाचांची मांडणी मोठी मार्मिक आहे. केवडा आणि अक्षता सोडल्या, तर निषिद्ध ठरलेली प्रत्येक वस्तू शेजारच्याच कोणा देवाची परमप्रिय वस्तू आहे. तुळस विष्णूची, म्हणून ती शाळिग्रामावर नित्य हवी. पण तीच मध्यभागी बसलेल्या गणपतीस नको. दूर्वा गणपतीच्या, पण वायव्येच्या देवीस नकोत. बेल शंकराचा, पण त्याला लागूनच बसलेल्या सूर्यास तो वर्ज्य. याचा अर्थ असा की, कोणतीही पत्री स्वभावतः अपवित्र ठरविलेली नाही. तिचा ज्या देवतेशी संबंध जडला आहे तिच्यापाशी ती जावी, एवढाच या व्यवस्थेचा आशय आहे. आणि म्हणूनच हे निषेध वेगवेगळ्या देवळांपेक्षा एका ताम्हनातच अधिक अर्थपूर्ण होतात.

या निषेधांमागे पुराणांतून कथा दिलेल्या आहेत. ब्रह्मदेव आणि विष्णू यांच्यामध्ये श्रेष्ठत्वाचा वाद होऊन शंकराच्या तेजोमय लिंगाचा आदी व अंत शोधण्याचे ठरले असता, ब्रह्मदेवाने अंत सापडल्याचा खोटा दावा केला आणि केतकीने त्याला साक्ष दिली, म्हणून शंकराने तिला आपल्या पूजेतून बाद केले, ही कथा प्रसिद्ध आहे. तुळशीने तपाला बसलेल्या गणपतीकडे विवाहाची इच्छा प्रकट केली व त्यातून परस्परांस शाप दिले गेले, ही दुसरी. दूर्वांची कथा निषेधाची नसून प्रियतेची आहे : अनलासुराला गिळल्यामुळे गणपतीच्या अंगाचा दाह होऊ लागला आणि तो ऋषींनी वाहिलेल्या दूर्वांनी शमला. या कथा मुलांना सांगाव्यात, कारण त्यांच्यामुळे नियम विसरत नाही. पण आचार समजून घेण्यासाठी कथेइतकेच त्याचे अपवादही पाहिले पाहिजेत.

अपवाद खरोखरच बोलके आहेत. गणपतीस वर्षभर वर्ज्य असलेली तुळस भाद्रपद शुद्ध चतुर्थीस वाहावयाच्या एकवीस पत्रींत दूर्वा, शमी, आघाडा, माका, डोरली यांच्या पंक्तीला येऊन बसते. त्याच एकवीस पत्रींत शंकरास न चालणारा केवडाही आहे आणि शंकराचा बेलही. देवीस दूर्वा नकोत म्हणावे, तर श्रावणातील शुक्रवारी जिवतीच्या चित्रास महाराष्ट्रातील सुवासिनी आघाडा-दूर्वांचीच माळ घालतात, आणि मंगळागौरीच्या पत्रींतही दूर्वांस मज्जाव नाही. म्हणजे हा निषेध नित्यपूजेचा आहे. व्रताचा विधी स्वतंत्र असून त्यात सांगितलेली वस्तू त्या दिवसापुरती ग्राह्य ठरते. सामान्य नियमास विशेष वचन बाधा आणते, हा धर्मशास्त्राचा सर्वमान्य शिरस्ताच आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांनी 1790 च्या सुमारास सिद्ध केलेला धर्मसिंधु ज्या घरांत प्रमाण मानतात, त्या घरांतून तिथी आणि व्रत पाहून आचार ठरविण्याची हीच रीत आजही चालू आहे. तेव्हा आजीने जिवतीला दूर्वा वाहिलेल्या पाहिल्या आणि पुस्तकात देवीला दूर्वा निषिद्ध असे वाचले, म्हणून आजीचे चुकले असे कोणी समजू नये.

आता प्रत्यक्ष एक सकाळ घेऊन हा व्यवहार पाहू. पुण्यातील कित्येक घरांत फुलांचा पुरवठा फुलपुडीने होतो. पहाटे फुलवाला पानात बांधून, वर दोरा गुंडाळून पुडी दाराच्या कडीस अडकवून जातो आणि महिन्याच्या अखेरीस हिशेब घेतो. ती पुडी सोडली म्हणजे आत दोन-चार झेंडू, शेवंती, एखादा गुलाब, तांबडे जास्वंद, तुळशीचा तुरा, दूर्वांची जुडी आणि बेलाची दोन पाने अशी सरमिसळ निघते. पाचही देवांच्या वस्तू एकत्र निघाल्या म्हणून मनात किंतु आणण्याचे कारण नाही, कारण निषेध अर्पणाचा आहे, पुडीतील सहवासाचा नव्हे. मात्र पूजेस बसण्यापूर्वीच तबकात त्यांचे पाच वाटे करावेत, ही गोष्ट अनुभवी पूजक कधी चुकवीत नाही. कारण मंत्र म्हणत असता डोळे पोथीकडे आणि हात तबकाकडे गेला म्हणजे जे प्रथम हाताला लागेल तेच उचलले जाते.

वाटे करतानाच निवड होते. बेलाचे पान त्रिदल असावे, किडीने खाल्लेले किंवा छिद्र पडलेले नसावे आणि देठाच्या टोकाची जाड गाठ खुडून टाकावी. दूर्वा कोवळ्या, फुलोरा न आलेल्या घ्याव्यात. जुडीत कधी कधी दुसरेच गवत मिसळलेले असते. खरी दूर्वा म्हणजे जमिनीसरपट पसरणारी हरळी, जिच्या काडीला पेरापेराशी मुळे फुटतात आणि जिच्या शेंड्याशी बारीक, मऊ पाती असतात. हाताला खरखरीत लागणारे, उंच व रुंद पात्याचे गवत निघाले, तर ते खुशाल बाजूला टाकावे. तुळशीची पाने मंजिरीसह असल्यास उत्तमच. कळ्या सामान्यतः वाहू नयेत, हुंगलेले फूल घेऊ नये आणि जमिनीवर पडलेले फूल उचलू नये. यांपैकी शेवटच्या नियमातून प्राजक्त आणि बकुळ यांना मुभा आहे, कारण ती फुले पहाटे आपणहून गळतात आणि वेचूनच मिळतात. फूल ज्या दिशेने उमलते तसेच, म्हणजे तोंड वर करून, वाहावे. बेल मात्र पालथा, त्याची गुळगुळीत बाजू लिंगास लागेल असा ठेवावा.

पाणी घालण्याच्या वेळीही एक भेद संभाळावा लागतो. विष्णूस शंखातील पाण्याने स्नान घालणे प्रशस्त मानले आहे, पण शिव आणि सूर्य यांच्या पूजेत शंख वर्ज्य असल्यामुळे त्यांच्यावर पळीने पाणी घालावे. पंचामृतानंतर शुद्धोदकाने पाषाण धुऊन पुसले, की ते तीर्थ फुले वाहण्यापूर्वीच वेगळ्या पात्रात काढून घ्यावे. षोडशोपचारांत स्नान आधी आणि पुष्प नंतर हा क्रम आहेच. पण तो कसोशीने पाळण्याचे एक फार व्यावहारिक कारणही आहे. शंकरास प्रिय असलेले धोतरा, कण्हेर आणि रुई या तिन्ही वनस्पती विषारी आहेत. धोतऱ्याच्या बिया पोटात गेल्यास भ्रम होतो, कण्हेरीचा परिणाम हृदयावर होतो आणि रुईचा चीक डोळ्यात गेल्यास मोठी इजा करतो. तेव्हा ही फुले वाहिल्यानंतर त्या पाण्याचे तीर्थ कोणी घेऊ नये, फुले हाताळून झाल्यावर हात स्वच्छ धुवावेत आणि लहान मुले असलेल्या घरात धोतऱ्याचे फळ देव्हाऱ्यात उघडे ठेवू नये.

गंधाची योजना सोपी आहे. सहाणेवर उगाळलेले पांढरे चंदन विष्णू आणि शिव या दोघांसही चालते. रक्तचंदन सूर्यास व गणपतीस शोभते. देवीस हळद-कुंकू वाहावे, पण तेच बाणावर वाहण्याचा प्रघात पुष्कळ घरांत नाही. तेथे भस्म लावतात. गंधानंतर अक्षता येतात आणि सर्वाधिक चूक घडते ती येथेच. चिमूटभर अक्षता उचलून सबंध ताम्हनावर टाकण्याची हाताला इतकी सवय असते की, त्यांतल्या दहा-पाच शाळिग्रामावर पडतातच. विष्णूस अक्षतांच्या जागी तुळशीदल किंवा पांढरे तीळ वाहावेत, असे परंपरा सांगते. यास्तव जाणते पूजक शाळिग्राम एका छोट्या वाटीत किंवा आसनावर किंचित उंच बसवितात आणि गंधानंतर लगेच त्यावर तुळस ठेवून टाकतात, म्हणजे पुढे अक्षता वाहताना तो पाषाण झाकलेला दिसतो आणि हात आपोआप आखडतो. तरीही एखादा दाणा पडलाच, तर तो उचलून बाजूस करावा. त्यासाठी पूजा थांबविण्याचे कारण नाही.

फुले वाहण्यास मध्यस्थ देवतेपासून आरंभ करावा. आपल्या गणपती पंचायतनाच्या उदाहरणात प्रथम गणपतीस जास्वंद आणि दूर्वांची जुडी. नंतर ईशान्येस शाळिग्रामावर पूर्वीच ठेवलेल्या तुळशीजवळ शेवंती. आग्नेयेस बाणावर पालथा बेल, आणि मिळाल्यास पांढरी कण्हेर किंवा तगर. नैर्ऋत्येस स्फटिकावर गुलाबाच्या किंवा लाल कण्हेरीच्या दोन पाकळ्या. आणि अखेरीस वायव्येस देवीला उरलेले तांबडे फूल. आग्नेय आणि नैर्ऋत्य हे कोपरे शेजारचे असल्यामुळे बाणावरचा मोठा बेल घसरून स्फटिकावर जाण्याचा संभव असतो, तेव्हा पान लहान निवडावे किंवा त्याचा देठ ताम्हनाच्या काठाकडे करावा. रुई आणि धोतरा शंकरापाशीच राहू द्यावीत, ती विष्णूस चालत नाहीत. रुईच्या पानांचा मात्र सूर्याशी निकटचा संबंध असून रथसप्तमीस ती मस्तकावर ठेवून स्नान करण्याची चाल आहे.

पुडीतील झेंडूविषयी अनेकांना शंका असते. हे झाड मुळात मेक्सिकोकडचे. युरोपीय दर्यावर्दी अमेरिकेस पोहोचल्यानंतरच ते आपल्याकडे आले. त्यामुळे प्राचीन वचनांत त्याचा विधीही नाही आणि निषेधही नाही. दसऱ्याच्या तोरणापासून रोजच्या देवपूजेपर्यंत लोकाचाराने त्याचा स्वीकार केला आहे, आणि जेथे ग्रंथ मौन धरतो तेथे शिष्टांचा आचार प्रमाण मानावा, हे धर्मशास्त्रासच संमत असल्याने झेंडू पाचही देवांस वाहता येतो. हरितगृहात वाढविलेल्या, दिसण्यास सुरेख पण गंधहीन अशा फुलांविषयी मात्र एवढेच म्हणता येईल की, पूजेत सुगंधास मान आहे. तेव्हा त्याच पैशात जाई, जुई वा मोगरा मिळत असेल, तर तो घ्यावा.

ताजेपणाचा प्रश्नही असाच सुटतो. आदल्या दिवशीचे, म्हणजे पर्युषित, फूल वर्ज्य आहे. पण गुलटेकडीच्या बाजारातून मंडईत आणि मंडईतून घरी येणारे फूल आदल्या दिवशी खुडलेले असणार, हे उघड आहे. जुन्या आचारकारांसही नगरातील ही अडचण अवगत होती, कारण माळ्याच्या घरी असलेल्या फुलास शिळेपणाचा दोष लागत नाही, असे त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. बेल आणि तुळस यांना तर शिळेपणाचा दोषच नाही. ही सवलत निष्कारण नव्हे. द्वादशीस, रविवारी आणि संक्रांतीस तुळस तोडू नये. चतुर्थी, अष्टमी, नवमी, चतुर्दशी, अमावास्या, संक्रांत आणि सोमवार या दिवशी बेल तोडू नये, असे नियम असल्यामुळे त्या दिवसांची तजवीज आदल्या दिवशीच करून ठेवावी लागते. पाने ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली असता सहज टिकतात. सोमवारी शंकरास बेल हवा, पण सोमवारी तो तोडावयाचा नाही, या नियमाने झाडास आठवड्यातून नेमका त्याच दिवशी विसावा मिळतो, ज्या दिवशी त्याच्यावर अधिक हात पडले असते.

नैवेद्यातही हाच विवेक चालतो. पाण्याने चौकोनी मंडल काढून त्यावर वाटी ठेवावयाची आणि पत्रीने पाणी फिरवावयाचे. येथे सर्व देवांस सरसकट तुळस वापरण्याची सवय असते. परंतु नैवेद्य गणपतीचा असेल, तर दूर्वा, शंकराचा असेल, तर बेल आणि विष्णूचा असेल, तर तुळस घ्यावी. नित्याच्या पूजेस दूधसाखर किंवा गूळखोबरे पुरते. शंकरास वाहिलेले अन्न ग्रहण करू नये, अशी समजूत काही घरांत असते आणि तिच्यामुळे पंचायतनाच्या प्रसादाविषयी घोटाळा होतो. परंतु शाळिग्रामाच्या सान्निध्याने शिवाचा नैवेद्यही ग्राह्य होतो, असे वचन असल्याने एकाच वाटीतील प्रसाद सर्वांनी निःशंकपणे घ्यावा. पाच देव एकत्र बसविल्याने जशा अडचणी येतात, तशी ही एक सोयही होते.

दुसऱ्या दिवशी पूजेपूर्वी निर्माल्य उतरविताना बेल आणि तुळस वेगळी काढता येतात, कारण दुसरी पत्री मिळाली नाही, तर धुऊन पुन्हा वाहण्याची त्यांनाच परवानगी आहे. बाकीची फुले कुंडीतील मातीत पुरावीत, पण रुई, धोतरा आणि कण्हेर गाईगुरांच्या तोंडी लागतील अशा जागी टाकू नयेत. आणि एखाद्या सकाळी फुलपुडी आलीच नाही, तर काय करावे? गणपती, शिव, सूर्य आणि देवी यांस पुष्पार्थी अक्षता वाहाव्यात, म्हणजे फुलांच्या स्थानी अक्षता मानाव्यात. आणि अक्षता ज्याला चालत नाहीत त्या शाळिग्रामावर कालचेच तुळशीदल धुऊन ठेवावे. एवढ्याने पाचही देवांची त्या दिवशीची पूजा यथासांग होते.